पांढरा केस ताठ का होतो, आणि त्याला वळण कसे लावायचे

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मागच्या वर्षी मी याच व्यासपीठावरून घरच्या पाण्याच्या टाकीविषयी बोललो होतो. तेव्हा चहाच्या वेळी तीन-चार काकूंनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. "पाण्याचं ठीक आहे हो, पण केसांचं काय? पांढरे झाले ते झाले, आता तारेसारखे उभे राहतात." दोन काकांचंही तेच म्हणणं होतं, फक्त त्यांनी ते जरा हळू आवाजात सांगितलं. म्हणून आजचा हा विषय.

मी काही केशतज्ज्ञ नाही. माझं शिक्षण डिप्लोमापर्यंतचं आणि नोकरी राज्य सरकारची, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतली. पण आपल्या हैदराबादेत ताठ केसांचा निम्मा प्रश्न पाण्याचाच आहे, असं माझं मत झालं आहे. त्यामुळे मला बोलायचा थोडा हक्क पोचतो.

आधी केस पांढरा होतो म्हणजे काय, ते बघू. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या थकल्या की केस रंगाशिवाय वाढतो. म्हणजे पांढरा केस हा रंग उडालेला केस नव्हे. तो मुळातूनच बिनरंगी उगवलेला असतो. एकदा बाहेर आलेला काळा केस नंतर पांढरा होत नाही. तो गळतो आणि त्याच्या जागी पांढरा येतो.

मग ताठपणा कुठून आला? याची तीन कारणं आहेत आणि ती बहुधा एकत्रच येतात. पहिलं, वयाबरोबर डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं नैसर्गिक तेल कमी होतं. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर ते जास्त जाणवतं, पुरुषांमध्ये जरा उशिरा. केसाला वरून मिळणारा गुळगुळीतपणा त्यामुळे जातो. दुसरं, वयाबरोबर केसाचा आकारही बदलतो. पूर्वी सरळ असलेला केस किंचित वाकडातिकडा, नागमोडी उगवू लागतो. एक वाकडा केस शंभर सरळ केसांच्या शेजारी बसला की तो बाहेर डोकावणारच. तिसरं कारण नजरेचं आहे. काळ्या केसांवर पडलेला उजेड एका रेषेत चमकतो. पांढऱ्या केसातून तो आतून-बाहेरून विखुरतो, म्हणून केस तितकाच चांगला असला तरी रखरखीत दिसतो. त्यातून भांगाशेजारी आणि कानशिलावर नवे आखूड पांढरे केस उगवत असतात. ते अजून खाली वळण्याइतके लांब नसतात, म्हणून अँटेनासारखे उभे राहतात. त्यांना कुणी काही केलेलं नसतं, त्यांचं वयच कोवळं असतं.

आता आपल्या गावच्या पाण्याकडे येतो. आपल्या घरी नळाला पाणी येतं ते मंजिरा, कृष्णा, गोदावरीचं. ते बऱ्यापैकी मऊ असतं. पण ते एक दिवसाआड आणि मोजकंच येतं. म्हणून बहुतेक अपार्टमेंटमध्ये संपात नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी, सगळं एकत्र होतं. आपली जमीन ग्रॅनाइटची. खोल बोअरचं पाणी खडकातल्या भेगांतून मुरत येतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. यालाच आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे.

आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी मी स्वतः तपासलं तेव्हा ते ६४० आलं. नळाचं १५० च्या आसपास आलं. आकडे कोरडे वाटतात, म्हणून बादलीच्या हिशेबात सांगतो. पंधरा लिटरच्या बादलीत बोअरच्या पाण्यात साडेनऊ ग्रॅमच्या वर चुना विरघळलेला असतो, म्हणजे जवळजवळ दोन चहाचे चमचे. नळाच्या बादलीत सव्वादोन ग्रॅम. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच थोडा थोडा केसावर बसतो. काळ्या केसावर तेलाचा हात असतो, त्याला फारसं जाणवत नाही. कोरड्या पांढऱ्या केसावर हाच थर खरखर वाढवतो.

घरी बघायचं असेल तर फार सोपं आहे. एक स्वच्छ प्लास्टिकची बाटली अर्धी भरा. आंघोळीच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि दहा सेकंद जोरात हलवा. शांपू घेऊ नका, तो जड पाण्यातही फेसाळतो आणि फसवतो. पाणी मऊ असेल तर वर फेस टिकतो आणि खाली पाणी बरंच स्वच्छ राहतं. जड असेल तर फेस नावालाच येतो आणि पाणी दुधाळ होऊन त्यात साय फाटल्यासारखे कण तरंगतात. ते कण म्हणजे साबण आणि चुन्याचा मळ. जुन्या पिढीतल्या ज्या मंडळींना आजही साबणाच्या वडीने डोकं धुवायची सवय आहे, त्यांच्या केसात हाच मळ अडकतो. वडी हातापायांना ठेवा.

इथे दोन-तीन गैरसमज दूर करतो. पाणी उकळल्याने कठीणपणाचा एक भागच खाली बसतो, सगळा जात नाही. तुरटीने गाळ बसतो, चुना जात नाही. आणि पिण्याच्या आर.ओ. फिल्टरमधून जे वाया जाणारं पाणी बादलीत साठवतात, त्याने केस मुळीच धुऊ नका. काटकसर चांगली आहे, पण त्या पाण्यात गाळून काढलेले सगळे क्षार एकवटलेले असतात, ते बोअरपेक्षाही जड असतं. फरशी पुसायला वापरा. याउलट, पहिल्या एक-दोन सरी होऊन गच्ची धुऊन निघाल्यावर स्वच्छ पातेल्यात धरलेलं पावसाचं पाणी फार मऊ असतं. आजीच्या काळी ते केसांसाठी धरून ठेवत, आणि त्यामागे रसायनशास्त्र होतं.

सगळी बादली मऊ पाण्याची लागत नाही. डोकं नेहमीच्या पाण्यानेच धुवा, फक्त शेवटचं धुणं दोन लिटर फिल्टरच्या किंवा नळाच्या पाण्याने करा. त्यातल्या एका लिटरमध्ये एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर मिसळून आधी ते केसांवरून सोडा, मिनिटभर थांबा, मग उरलेल्या साध्या लिटरने धुवा. आंबटाने चुन्याचा थर सुटतो आणि साबणा-शांपूने उघडलेली केसाची खवलं पुन्हा बसतात. व्हिनेगर नसेल तर अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस चालतो, पण तो डोक्यात ठेवून उन्हात जाऊ नये. डोक्याला जखम किंवा खाज असेल तर हे करू नये.

पण प्रश्न पाण्याचा आहे की कोरडेपणाचा, हे आधी ओळखावं, नाहीतर नसत्या वस्तू विकत आणल्या जातात. मी सांगतो ती परीक्षा दोन आठवड्यांची आहे. उजव्या कानामागची एक बट घ्या. दर धुण्याला ती बट शेवटी फिल्टरच्या पाण्याने वेगळी खळखळून धुवा, बाकी केस नेहमीसारखे. दोन आठवड्यांनी डोळे मिटून दोन्ही बाजू बोटांत धरून बघा. ती बट मऊ लागली तर दोष पाण्याचा. दोन्हींत फरक नसेल तर केसालाच तेल कमी पडतं आहे. आणखी एक खूण अशी: केस ओला असताना मऊ आणि वाळल्यावर ताठ होत असेल, तर चूक वाळवण्यात आहे. ओला असतानाच चिकट, करकरीत लागत असेल तर वर थर बसला आहे.

तेलाविषयी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे तेलावर श्रद्धा फार आणि हिशेब कमी. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल, म्हणजे बाजारातल्या बऱ्याच सुगंधी हेअर ऑइलचा पाया असलेलं तेल, या तिघांची तुलना केली. केस धुताना-विंचरताना त्यातलं प्रथिन किती निघून जातं हे मोजलं. चांगल्या आणि खराब झालेल्या, दोन्ही प्रकारच्या केसांत हा ऱ्हास फक्त खोबरेलाने कमी झाला. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे लक्षात ठेवलंच पाहिजे, पण कारण पटणारं आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असतं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. बाकीची दोन तेलं वरच राहतात. आत गेलेल्या तेलामुळे केस धुताना पाणी कमी पितो, कमी फुगतो, आणि कमी झिजतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. खोबरेल धुण्याच्या आधी लावायचं, एक-दोन तास किंवा आदल्या रात्री. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे पुरे, आणि ते केसांच्या मधल्या-शेवटच्या भागाला. कोंडा असेल तर डोक्याच्या कातडीला तेल नको. धुतल्यानंतर मात्र थापून तेल लावू नये. पांढरे केस तेलाने एकमेकांना चिकटले की मधून कातडी दिसते आणि केस विरळ वाटतात. आमच्या वडिलांच्या पिढीचं तेल चोपडलेलं डोकं काळ्या केसांवर शोभायचं. पांढऱ्यावर तळहातात चोळलेला एक थेंब बास. मोहरीचं तेल तर नकोच, ते पांढऱ्याला पिवळी झाक देतं. शिकेकाईचंही थोडंफार तसंच आहे. कुंकुडकाय, म्हणजे आपला रिठा, मळ चांगला काढतो, पण कोरड्या केसाचं उरलंसुरलं तेलही नेतो, आणि डोळ्यांत गेला तर विचारू नका. ज्यांना तो सोडवत नाही त्यांनी महिन्यातून एकदा वापरावा.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. माझ्या थोरल्या वहिनी सत्तावन्न वर्षांच्या आहेत. चौदा वर्षं रंग लावून त्यांनी तो बंद केला. सात महिन्यांनी मुळापासून सात-आठ सेंटिमीटर पांढरे, ताठ केस आणि खाली जुने रंगवलेले, मऊ पण फाटलेले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा हिशेब बरोबर बसतो. अंबाडा घातला की वरून सगळीकडे पांढरी कुसळं. त्यांनी आधी पार्लरमध्ये चौकशी केली, तिथे केस सरळ करायचं रसायन सुचवलं गेलं. मी त्याला नको म्हटलं. अशा काही क्रीममध्ये फॉर्मॅल्डिहाइड असतं, ते इस्त्रीच्या उष्णतेने वाफ होऊन नाकात जातं. त्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या ग्लायऑक्सिलिक आम्लामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी इस्रायलच्या आणि फ्रान्सच्या डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध केल्या आहेत. डब्यावर ही नावं दिसली तर पुढे जाऊ नये.

वहिनींनी केलं ते असं. आठवड्यातून दोनदा धुणं. आदल्या रात्री दोन चमचे खोबरेल. सकाळी शांपू मगात पाण्यात पातळ करून फक्त डोक्याच्या कातडीला लावायचा, लांबीला तो वाहत येईल तेवढाच पुरतो. मग कंडिशनर, तो मात्र उलट, कातडी सोडून लांबीला. तो तीन मिनिटं ठेवायचा आणि त्यातच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवत जायचं. ताठ केस कोरडा असताना विंचरला की त्याची खवलं उचकटतात, आणि बारीक दातांच्या फणीने तर तो तुटतोच. शेवटी व्हिनेगरचं आणि मऊ पाण्याचं धुणं. टर्किश टॉवेलने खसखसून पुसायचं नाही. जुन्या सुती पंच्यात केस गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच गाळतात. केसाच्या आतल्या धाग्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणजे केस ज्या आकारात वाळतो, तो आकार त्याला लागतो. ओलसर शर्टाला इस्त्री बसते, वाळून कडक झालेल्याला बसत नाही, तसंच हे आहे. म्हणून केस पंख्याखाली मोकळे सोडून वाळवले की ते मनाला येईल तसे वळून वाळतात. वहिनी केस निम्मे वाळले की भांग पाडून, हव्या त्या दिशेला विंचरून, वरून एक पातळ सुती रुमाल घट्ट नाही पण चापून बांधतात आणि पूर्ण वाळेपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, स्वयंपाक करतात. रुमाल सोडला की वरचे केस बसलेले असतात.

रुमालाच्या आधी त्या जवसाचं जेल बोटभर लावतात. पाव कप जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत उकळायचे. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं ओघळायला लागलं की लगेच, गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं. गार झाल्यावर गाळू म्हटलं तर एक थेंब उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, आंबट वास आला की फेकून द्यायचं. बेगम बाजारात जवस मागताना "अविसे गिंजलु" म्हटलं की कुणालाही कळतं. जास्त लावलं तर वाळल्यावर पांढरे पापुद्रे दिसतात, तेव्हा प्रमाण कमी करायचं.

महिनाभरात लांबीचा खरखरीतपणा बराच गेला आणि अंबाडा बसायला लागला. कपाळावरची बारीक पिल्लं मात्र उभीच राहिली. ती वाढून खाली वळतील तेव्हाच बसतील, तोवर बाहेर जाताना जुन्या टूथब्रशवर जेलचा थेंब घेऊन ती मागे दाबायची. उपटायची नाहीत. उपटलेल्याच्या जागी पांढराच येतो, आणि वारंवार उपटलं तर मूळ दुखावून कधी कधी येतच नाही.

पावसाळ्यात, म्हणजे नेमका गणपतीच्या दिवसांत, हवेतला ओलावाच ते बंध सोडवतो आणि सकाळी बसवलेले केस आरतीपर्यंत फुलतात. तेव्हा वाळलेल्या केसांवर सिरमचे दोन थेंब फिरवावेत. डब्यावर डायमेथिकोन असं नाव असतं, ते ओलावा आत जाऊ देत नाही. ड्रायर वापरायचा तर कोमट, वीतभर अंतरावरून, मुळाकडून टोकाकडे. गरम इस्त्री फिरवणाऱ्यांनी तापमान कमीत कमी ठेवावं, जास्त उष्णतेने पांढरा केस पिवळा पडतो आणि ती पिवळी झाक धुऊन जात नाही. बोअरच्या लोहाने किंवा धुराने वरवर आलेली पिवळी झाक जांभळ्या शांपूने झाकली जाते. पंधरवड्यातून एकदा, दोन मिनिटं, जास्त ठेवला तर केस जांभळट दिसतात.

झोपताना सैल वेणी घाला आणि उशीवर जुन्या रेशमी साडीचा तुकडा पसरा. सुती अभ्र्यावर केस रात्रभर घासतो. फाटलेली पोचमपल्ली बोहारणीला देण्याआधी एवढा तुकडा कापून घ्या.

पुरुष मंडळींसाठी थोडं. न्हाव्याला एकच गोष्ट सांगा, की दातेरी कात्रीने केस पातळ करू नकोस. त्याने मधे मधे आखूड खुंट राहतात आणि ते शेजारच्या लांब केसांना वर ढकलतात. बाजूचे केस अगदी बारीक ठेवा किंवा खाली वळतील इतके लांब. मधल्या लांबीला ताठ केस कानावर छत्री उघडतो.

एक गोष्ट केसांच्या बाहेरची. हा बदल वर्षा-दोन वर्षांत हळूहळू होतो. दोन-तीन महिन्यांत सगळेच केस एकदम राठ झाले, गळू लागले, त्याबरोबर थकवा, वजन वाढणं, थंडी सोसेनाशी होणं असं काही असेल तर तेल-पाण्यात वेळ घालवू नका. थायरॉइड कमी पडल्यावर केस असेच होतात. टी.एस.एच.ची साधी रक्त तपासणी करून डॉक्टरांना दाखवा.

सभेआधी एका काकांनी चिठ्ठी दिली होती, की डोक्याचं सोडा, भुवयांचं काय, त्यांच्यातले दोन-तीन केस चष्म्याच्या काचेला टेकतात. काका, त्या उपटू नका. भुवई बारीक कंगव्याने वर विंचरा आणि ओळीच्या बाहेर जेवढे केस येतात तेवढेच छोट्या कात्रीने कापा, मग ज्वारीच्या दाण्याएवढं व्हॅसलीन बोटावर घेऊन बाहेरच्या दिशेला फिरवा. मिशीलाही हाच उपाय चालतो, फक्त चहा पिऊन झाल्यावर करा.